कपाटातला तबला: फोनवर पहिला ट्रॅक रेकॉर्ड करताना

कपड्यांनी भरलेलं कपाट रेकॉर्डिंगच्या कामी येतं ते एकाच कारणासाठी: खोलीचा घुमारा ते कमी करतं. रस्त्यावरचा आवाज ते अडवत नाही. स्कूटर, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर सरकवलेली खुर्ची हे सगळं प्लायवूडच्या दारातून आणि साड्यांच्या घड्यांतून आरामात आत येतं. हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतला तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

माझी भाची कोथरूडला राहते. तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे आणि तीन मिनिटांचा तीनतालातला एक कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना आणि तिचे पलटे, रेकॉर्ड करून ठेवायचा असं तिने ठरवलं. हाताशी होता एक फोन, आईचा दुसरा फोन आणि भिंतीतलं कपाट. कुठेतरी ऐकलेलं तिने शब्दशः घेतलं: खालचा कप्पा रिकामा केला, तबला-डग्गा घेऊन आत बसली, दार ओढून घेतलं आणि वाजवलं. मग मला फोन. "मामा, ना वाजवला तरी मेल्यासारखा येतोय आणि डग्गा असा घुमतोय, की पिंपात बसून वाजवल्यासारखं वाटतंय."

तक्रार अचूक होती. त्यामागचं कारण कळलं की उपाय सोपा आहे, म्हणून आधी कारण.

कपडे काय गिळतात आणि काय सोडून देतात

आवाज शोषायचा तर शोषणाऱ्या थराला जाडी लागते, आणि सूर जितका खालचा तितकी जाडी जास्त. ढोबळ हिशेब असा की थर ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढा असेल तर तो त्या सुरावर चांगलं काम करतो. हँगरला टांगलेल्या कपड्यांचा थर साधारण ३० सेंटिमीटर धरला, तर तो ३०० हर्ट्झच्या वरचा आवाज नीट गिळतो. डग्ग्याचा मूळ घुमार असतो १०० हर्ट्झच्या आसपास. त्याच्या लहरीचा पाव भाग होतो ८५ सेंटिमीटर. एवढ्या जाडीचे कपडे कोणाच्याच कपाटात नसतात. म्हणजे डग्गा तसाच्या तसा उरतो आणि गिळले जातात ते वरचे सूर.

तबल्यात तर वरच्या सुरांवरच सगळं अवलंबून. मधल्या काळ्या शाईच्या वजनामुळे तबल्याच्या कातड्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं. चाटेवरचा ना, लवेवरचा तिं आणि शाईवरचा ते कानाला वेगवेगळे कळतात ते याच वरच्या स्वरांच्या कमीजास्त प्रमाणामुळे आणि बोट पडतानाच्या त्या टोकदार क्षणामुळे. ते शोषले गेले, की तिरकिट म्हणजे नुसती टकटक उरते.

आणखी एक गोष्ट घडते. बंद कपाटाच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून फुगतात. भाचीचं कपाट ९० सेंटिमीटर रुंद आणि ५५ सेंटिमीटर खोल. त्या मापाला साधारण १९० आणि ३१० हर्ट्झ हे सूर फुगणार. तिचा दायाँ काळी एकला, म्हणजे २७७ हर्ट्झच्या जवळपास मिळवलेला. त्याच्या खाली एक फुगवटा आणि वर एक फुगवटा. पिंपाचा आवाज तो हाच.

म्हणून नियम असा: फोन कपाटात, तबला कपाटाच्या दारात, आणि दारं सताड उघडी. वाजवणाऱ्याने आत बसायचं नाही. तसंही आत दहा मिनिटांत घाम फुटतो, डग्ग्यावर मनगट चिकटून मींड अडखळते आणि दमटपणाने पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सूर उतरतो.

मांडणी

कपाटासमोर सतरंजी आणि तिच्यावर एक जाड गोधडी अंथरा. टाईल्सवरून उसळणारा आवाज फोनपर्यंत पटकन पोचतो, आणि नवखे लोक नेमकं हेच विसरतात. तबला-डग्गा नेहमीप्रमाणे चुंबळींवर, कपाटाच्या उंबऱ्यापासून वीतभर अलीकडे. वाजवणाऱ्याचं तोंड कपाटाकडे.

कपडे कोणते, यालाही महत्त्व आहे. पैठणी दिसायला भारी असली तरी रेशमी घडी आवाज फारसा शोषत नाही. जीन्स, स्वेटर, शाली, टर्किश टॉवेल, हिवाळ्यातली जाकिटं उपयोगी. ते हँगरला सैलसर टांगा. गच्च दाबून भरलेला ढीग बऱ्यापैकी भिंतीसारखाच वागतो. कपड्यांच्या मागे चार बोटं जागा राहिली तर उत्तम, ती पोकळी शोषणाला मदतच करते. रिकामे हँगर मात्र बाहेर काढा. डग्ग्यावर जोराचा घे पडला की ते एकमेकांवर किणकिणतात, आणि तो आवाज नंतर काढता येत नाही. कपाट लोखंडी असेल तर पत्र्यावर हात ठेवून कोणाला तरी डग्गा वाजवायला सांगा. पत्रा थरथरला तर आतल्या बाजूने चादर ताणून लावा, नाहीतर दुसरं कपाट शोधा.

फोन कप्प्याच्या फळीवर नुसता ठेवू नका. फळी डग्ग्याबरोबर कंप पावते. चारपदरी टॉवेलवर ठेवा, कपड्यांच्या पुढ्यात, तबल्याच्या पुडीपेक्षा हातभर उंच. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या छिद्राशेजारी असतो, म्हणून ती कड तबल्याकडे करा. कव्हर काढा. अंतर ५० ते ६० सेंटिमीटरपासून सुरू करा.

डावं-उजवं कसं करायचं? फोन बरोबर मध्ये ठेवला तर बहुतेक वेळा डग्गा वरचढ होतो. तो दायाँच्या बाजूला पंजाभर सरकवा आणि ऐका. हा समतोल जागेवरच साधायचा असतो. दोन्ही वाद्यं एकाच माइकवर आल्यावर नंतर त्यांना वेगळं काढता येत नाही.

शेवटचं म्हणजे वाजवणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. कपडे फोनच्या मागे आहेत, पण समोरून, म्हणजे वादकाच्या पाठीमागच्या उघड्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकवर येतो. कपडे वाळत घालायचा स्टँड उघडून त्यावर रजई टाका आणि तो पाठीशी उभा करा. भाचीच्या खोलीत सगळ्यात मोठा फरक पडला तो या रजईने, कपाटाने नव्हे.

मांडणी जमली की नाही, हे टाळी वाजवून कळतं. तबल्याच्या जागी बसून एक कडक टाळी वाजवा आणि ती रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. टाळीमागे झणझणीत शेपूट असेल तर कुठली तरी उघडी भिंत किंवा फरशी बोलते आहे. टाळी एकदम बोथट, कापसात गुंडाळल्यागत आली तर फोन कपड्यांत फार आत गेला आहे, त्याला थोडा पुढे घ्या.

फोनला गप्प बसवणं

फोनचं रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेलं असतं. बोलणं हळू झालं की तो आवाज वाढवतो, मोठं झालं की दाबतो. बोलण्याला हे बरं, तबल्याला घातक. जोरदार धा पडला की सगळं दबतं आणि मागचं तिरकिट फुगून वर येतं. म्हणजे तुम्ही वाजवलेला लहान-मोठा आवाज फोन परस्पर सपाट करतो.

हे होतंय का, ते असं ओळखा: पाच सेकंद शांत बसा, एक जोरदार धा वाजवा, पुन्हा पाच सेकंद शांत बसा. ऐकताना धानंतरची खोलीची सळसळ आधी गायब होऊन मग हळूहळू परत वर येत असेल, तर फोन आवाज वरखाली करतो आहे. अशा वेळी रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाज आपोआप नियंत्रित करण्याचा किंवा गोंगाट कमी करण्याचा पर्याय शोधून बंद करा. मुलाखतीसाठी किंवा बोलण्याचं लिखाण करण्यासाठी वेगळे मोड असतील तर ते टाळा, साधा मोड घ्या. तरीही जमलं नाही, तर गेन, म्हणजे माइक आवाज किती उचलतो ती पातळी, हाताने ठरवता येणारं दुसरं रेकॉर्डिंग ॲप वापरा. फाईल शक्यतो वाव्ह प्रकारची. आयफोनवर `Voice Memos` च्या सेटिंगमध्ये `Audio Quality` खाली `Lossless` निवडा.

मग पातळी. ट्रॅकमधला सगळ्यात जोरदार तुकडा, साधारणपणे शेवटी तीनदा वाजणारी तिहाई, पूर्ण ताकदीने वाजवून बघा. मीटर असेल तर सर्वात वरचं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मीटर नसेल तर रेकॉर्ड झालेल्या आलेखाकडे बघा. ना आणि धाची टोकं सुईसारखी दिसायला हवीत. ती कात्रीने कापल्यासारखी सपाट दिसली आणि ऐकताना चर्रकन आवाज आला, तर आवाज फाटला आहे. फाटलेला आवाज शिवता येत नाही. गेन कमी करा, आणि ती सोय नसेल तर फोन मागे न्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने कमी होतो, पण त्याबरोबर खोलीचा वाटा वाढतो. म्हणून एकदम दुप्पट न जाता चार-चार बोटं सरकवा.

फोन विमान मोडवर टाका. रेकॉर्डिंगच्या मध्यात आलेल्या बँकेच्या एसएमएसचं टुणुक कोणत्याही तालात बसत नाही.

लेहरा कुठून आणायचा

सोलो तबल्याला लेहरा, म्हणजे आवर्तनाएवढी, पुन्हा पुन्हा फिरणारी धून, हवाच, पण तो खोलीत वाजवला तर तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरणार. म्हणून तो दुसऱ्या फोनवरून, वायरच्या इअरफोनने, एकाच कानात ऐकायचा. दुसरा कान तबल्यासाठी मोकळा. ब्लूटूथ नको. त्यात आवाज बऱ्याचदा एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि ८० च्या लयीत एक मात्राच मुळी पाऊण सेकंदाची. पुढे तबला आणि लेहरा जोडताना तो उशीर तसाच्या तसा समोर येतो. वायरचे इअरफोन किंवा फोनला लागणारा जोड पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो.

लेहऱ्याच्या ॲपमधला आवाज घरच्या रियाजाला ठीक आहे. ट्रॅक लोकांसमोर ठेवायचा असेल तर तो वापरायची परवानगी आहे का, हे त्या ॲपच्या अटींत आधी बघा. भाचीने हा प्रश्नच मिटवला. तिच्या क्लासमधल्या मैत्रिणीने पेटीवर चंद्रकंसमधला लेहरा मेट्रोनोम लावून, ८० च्या लयीत वाजवून दिला. तीच फाईल आईच्या फोनवर.

हिशेब सोपा आहे. ८० च्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन १२ सेकंदांचं, म्हणजे तीन मिनिटांत १५ आवर्तनं. तिने घेतलेला कायदा अगदी परिचयाचा:

धा धा ते टे धा धा ति ना
ता ता ते टे धा धा धि ना

पहिलं आवर्तन नुसता लेहरा. मग तीन आवर्तनं ठेका, दोन आवर्तनं कायदा बरोबरीत, आठ आवर्तनं दुगुनीत कायदा आणि पलटे, शेवटच्या आवर्तनात तिहाई, आणि समेवर धा. हे कागदावर लिहून समोर चिकटवलं. लेहऱ्यात समेनंतर थोडी फाईल शिल्लक ठेवली, कारण शेवटच्या धाची आस पूर्ण विरेपर्यंत हात हलवायचा नाही.

आता एक युक्ती, जी पुढचा अर्धा तास वाचवते. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिलं आवर्तन लेहऱ्याचंच आहे, तेव्हा मोकळा इअरफोन फोनच्या माइकजवळ धरायचा. लेहरा तबल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक उमटतो. नंतर मूळ लेहरा त्या बारीक खुणेवर बसवला की तबला आणि पेटी आपोआप जागेवर येतात, आणि मग ते पहिलं आवर्तन तबल्याच्या फाईलमधून पुसून टाकायचं. भाची आवर्तन संपायच्या आत इअरफोन खाली ठेवून हात तबल्यावर आणायला शिकली. हे दोन-चारदा कोरडं करून बघावं लागतं.

वेळ, सूर आणि टेक

पुण्यात कुठलीही सूचना दुपारी १ ते ४ शिवाय पूर्ण होत नाही. आवाजाच्या दृष्टीने ही वेळ खरंच सर्वोत्तम: भाजीवाले गेलेले, शाळेच्या व्हॅन यायच्या, पाण्याची मोटर बंद. शेजारधर्माच्या दृष्टीने मात्र वाईट. ज्यांचं डोकं तुमच्या भिंतीपलीकडे टेकलेलं असतं, त्यांना एक दिवस आधी सांगा. भाचीने सकाळी ११ नंतरची वेळ घेतली. ऑफिसवाले गेलेले, कुकर उतरलेले. सुरुवातीला पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद केले. फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर पडताना आठवतंच.

पंखा बंद केल्यावर खोलीचं तापमान आणि दमटपणा बदलतो आणि त्याबरोबर सूर सरकतो. पावसाळ्यात पुडी उतरते, एप्रिलच्या कोरड्या उन्हात चढते. म्हणून तबला आणल्या आणल्या मिळवू नका. जागेवर मांडून, पंखा बंद करून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या आणि मग लेहऱ्याच्या सा शी मिळवा. सोळाही घरांत चाटेवर ना वाजवून बघा. फोनचा माइक तुमच्या कानापेक्षा कमी दयाळू असतो. एखादं घर जरा उतरलेलं असेल तर प्रत्यक्ष ऐकताना चालून जातं, रेकॉर्डिंगमध्ये ते प्रत्येक धाला टोचतं. प्रत्येक टेकनंतर पुन्हा तपासा. पावडर हाताला थोडीच लावा आणि फोनपासून लांब.

एका बैठकीत चार-पाच पूर्ण टेक घ्या, तुकडे जोडायच्या फंदात पडू नका. तबल्यात दोन टेकमधल्या डग्ग्याचा सूर आणि हाताचं वजन क्वचितच जुळतं, जोड कानाला लगेच कळतो. भाचीचा चौथ्या पलट्यातला एक ते टे निसटला होता, तरी तिहाई सर्वात मोकळी आलेला टेकच तिने ठेवला. मलाही तो पटला.

नंतरची किरकोळ कामं

संगणकावर `Audacity` मोफत मिळतं, तेवढं पुरतं. दोन्ही फाईली एकाखाली एक घ्या, खुणेवर लेहरा बसवा, शेवटच्या समेवर अजून जुळतोय ना बघा. मग तबल्याच्या फाईलवर `High-Pass Filter` लावून ४० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. तिथे डग्गा नसतो, बसची घरघर असते. पिंपाची थोडी छटा उरली असेल तर `Filter Curve EQ` मध्ये २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल खाली घ्या. त्याहून जास्त लागत असेल तर मांडणीकडे परत जा.

`Noise Reduction` शक्यतो वापरू नका. डग्ग्याची विरत जाणारी आस त्याला गोंगाट वाटते आणि तो ती कुरतडतो. उरलेली सळसळ लेहऱ्याखाली झाकली जाते. लेहरा एवढाच ठेवा, की तिं आणि ना यांतला फरक ऐकू येत राहील. इतक्या कोरड्या रेकॉर्डिंगला किंचित रिव्हर्ब चालतो, तोही छोट्या खोलीचा.

शेवटी ट्रॅक कशावर ऐकायचा? फोनच्या स्पीकरवर नक्कीच नाही. इतका छोटा स्पीकर १०० हर्ट्झ जवळजवळ वाजवतच नाही. भाचीने फाईल घरच्या ग्रुपवर टाकली तेव्हा आजीचं पहिलं वाक्य होतं, "छान गं, पण डग्गा कुठे गेला?" ते वाक्य ऐकून डग्गा वाढवायला बसू नका. हेडफोनवर किंवा बऱ्या स्पीकरवर समतोल ठरवा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फाईल ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती आहे तशीच पोचते. आजीला सोबत इअरफोन नेऊन द्या.